मिश की मीर?

जर्मन शिकताना आत्मवाचक क्रियापदं आली की मराठी माणूस एका ठरावीक जागी अडतो. ‘इश वाशे मिश’ म्हणजे मी अंग धुतो, शब्दशः ‘मी स्वतःला धुतो’. पण हात धुवायचे असले की तेच वाक्य ‘इश वाशे मीर दी हेंडे’ असं होतं. धुणारा तोच आणि धुणंही स्वतःचंच, मग ‘मिश’चं ‘मीर’ का झालं?

मराठीत द्वितीया आणि चतुर्थी या दोन्ही विभक्तींना ‘ला’ लागतो, त्यामुळे दोन्हीकडे ‘मला’च. जर्मनमध्ये मात्र ‘मिश’ द्वितीयेचं आणि ‘मीर’ चतुर्थीचं. पहिल्या वाक्यात धुतला जातो तो मीच, म्हणून कर्माची, म्हणजे द्वितीयेची जागा ‘मिश’कडे आहे. दुसऱ्या वाक्यात त्या जागी हात आले. आता ‘मी’ कर्म उरलो नाही. ज्याचे हात धुतले गेले, ज्याच्यासाठी ही क्रिया झाली, तो मी, म्हणून चतुर्थी. हात कोणाचे हे ‘मीर’नंच सांगितल्यामुळे ‘माझे’ म्हणायची गरज उरत नाही, नुसतं ‘दी हेंडे’ पुरतं. ‘इश वाशे मिश दी हेंडे’ म्हटलं की एका क्रियापदाच्या गळ्यात दोन कर्मं पडतात, आणि जर्मन कानाला ते लगेच खटकतं.

तेव्हा वाक्यात दुसरं कर्म आहे का, एवढंच पाहायचं. मात्र द्वितीयेतलं प्रत्येक नाम कर्म नसतं. ‘इश फ्रॉये मिश आउफ दी रायझे’, म्हणजे मी प्रवासाची आतुरतेनं वाट पाहतोय. इथे ‘रायझे’ द्वितीयेतच आहे, पण ती द्वितीया ‘आउफ’ या शब्दयोगी अव्ययामुळे आली आहे. क्रियापदाच्या कर्माची जागा तिनं घेतलेली नाही, म्हणून ‘मिश’ जागचं हलत नाही.

हा फरक फक्त ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यापुरता दिसतो: मिश-मीर, डिश-डीर. बाकी सगळीकडे दोन्ही विभक्तींचं रूप एकच. ‘तो’, ‘ती’, ‘ते’ यांना कायम ‘झिश’. त्यामुळे तृतीय पुरुषातली वाक्यं घोकणाऱ्याची चूक बरेच दिवस झाकून राहते. शंका आली की कर्ता बदलून ‘इश’ घालावा, विभक्ती उघडी पडते.

सगळ्यात जपायचं ते ‘फोरश्टेलेन’ला, कारण इथे विभक्तीबरोबर अर्थही बदलतो. ‘इश श्टेले मिश फोर’ म्हणजे मी स्वतःची ओळख करून देतो. ‘इश श्टेले मीर दास फोर’ म्हणजे मी त्याची कल्पना करतो. इथेही नियम तोच आहे: ‘दास’ कर्म झालं आणि ‘मी’ चतुर्थीत गेलो. आणि हे कर्म एका शब्दाचंच असायला हवं असं नाही. ‘मी कल्पना करतो की तो उद्या येईल’ यातलं ‘की’पासूनचं अख्खं वाक्य कर्मच आहे, म्हणून तिथेही ‘मीर’च.