आधी गाडी भरा, मग रस्ता शोधा

नव्या घनकचरा नियमांनी घरात चार डबे आणले: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. त्यावरून सोसायट्यांच्या ग्रुपवर काय चालले आहे, ते सांगायला नको. पण डबे चार झाले की घंटागाडीचे कप्पेही चार होतात आणि ‘गाडी भरली’ म्हणजे नेमके काय, याचे उत्तरच बदलते. चारपैकी एक कप्पा तुडुंब झाला की खेप संपली, मग बाकीचे तीन अर्धे रिकामे का असेनात. सुका कचरा वजनाला हलका असला तरी जागा फार खातो, त्यामुळे बहुतेक वेळा त्याचाच कप्पा आधी भरतो. टनांच्या हिशेबावर वर्षानुवर्षे चालत आलेले मार्ग म्हणूनच आता नव्याने आखावे लागणार आहेत.

असे काही करायची वेळ आली की सॉफ्टवेअरची निविदा निघते. मध्यम आकाराच्या शहराला त्याआधी करता येण्यासारखे बरेच काही आहे. त्यासाठी लागते अंतरांचे एक कोष्टक, काट्यावरच्या पावत्यांची चळत आणि साठ वर्षांपूर्वीचा एक ठोकताळा.

एका टाकीवरून अनेक पंपांना पेट्रोल पोचवणाऱ्या ट्रकांचे कोडे डान्झिग आणि रामसर यांनी १९५९ साली गणितात मांडले. क्लार्क आणि राइट या जोडीने १९६४ मध्ये त्यावर सोपी युक्ती दिली. तिचे नाव ‘बचत पद्धत’. सुरुवातीला असे धरायचे की प्रत्येक ठिकाणी गाडी स्वतंत्र जाते आणि परत येते. मग दोन ठिकाणे एकाच खेपेत जोडली तर किती किलोमीटर वाचतात ते काढायचे. सगळ्यात जास्त वाचवणारी जोडी आधी जोडायची, नंतर तिच्या खालची, आणि गाडीची क्षमता ओलांडली जाईल तिथे ती जोडी सोडून पुढे जायचे.

हिशेब समजावा म्हणून एक छोटे गाव कल्पू. प्रक्रिया प्रकल्प गावाबाहेर आहे. तिथून मंडई ८ किलोमीटर, एसटी स्टँड ९, कॉलेज ७ आणि पाण्याची टाकी ६. मंडईत रोज अडीच टन कचरा जमतो, स्टँडवर दीड, कॉलेजपाशी एक आणि टाकीपाशी दीड. कॉम्पॅक्टर एका खेपेत चार टन नेतो. मंडई ते स्टँड दीड किलोमीटर, स्टँड ते कॉलेज ३, कॉलेज ते टाकी २, मंडई ते कॉलेज ४, मंडई ते टाकी ५ आणि स्टँड ते टाकी साडेचार.

चारही ठिकाणी स्वतंत्र खेपा केल्या तर ६० किलोमीटर होतात. मंडई आणि स्टँड जोडले तर बचत ८ अधिक ९ वजा दीड, म्हणजे साडेपंधरा. ही सगळ्यात मोठी. वजन बरोबर चार टन, म्हणजे ती गाडी भरली. पुढची मोठी बचत स्टँड आणि कॉलेजची, १३ किलोमीटरची. पण स्टँडवाल्या गाडीत आता जागा नाही, म्हणून ती सोडायची. मंडई आणि कॉलेज ही जोडीही त्याच कारणाने बाद. कॉलेज आणि टाकी जोडल्याने ११ किलोमीटर वाचतात आणि वजन अडीच टनच होते, म्हणून ती जोडी घ्यायची. एकूण दोन खेपा, साडेतेहेतीस किलोमीटर.

एक्सेलमध्ये हे करायला फार काही लागत नाही. दुसऱ्या ओळीत प्रकल्पापासून प्रत्येक ठिकाणापर्यंतची अंतरे, B स्तंभात प्रत्येक ठिकाणापासून प्रकल्पापर्यंतची, आणि C3 पासून पुढे ठिकाणांची आपसांतली अंतरे भरायची. बचतीचे सूत्र या कोष्टकाबाहेरच्या एका घरात लिहून तेवढ्याच ओळी-स्तंभांवर ओढायचे:

```
=$B3+C$2-C3
```

जाण्याचे आणि येण्याचे अंतर वेगळे ठेवलेले असल्यामुळे एकेरी वाहतुकीचे रस्तेही या सूत्रात बसतात. त्यानंतर ठिकाणाची स्वतःशीच निघालेली बचत सोडून बाकीच्या बचती उतरत्या क्रमाने लावायच्या आणि वरून खाली येत वजनाची बेरीज तपासायची. ठिकाणे पन्नास असतील तर हे काम पायथनच्या लहानशा प्रोग्रॅमकडे सोपवलेले बरे, कारण हाताने तपासताना एखादी जोडी दोनदा घेतली जाते.

अनुभवी मुकादम मार्ग बहुधा निराळ्या रीतीने लावतो. सगळ्यात जवळचे आधी, मग तिथून सगळ्यात जवळचे. आपल्या गावात ही रीत टाकीवरून कॉलेजला, तिथून स्टँडला जाते. चार टन तिथेच भरतात आणि गाडी २० किलोमीटर करून परतते. मंडईसाठी १६ किलोमीटरची खेप वेगळी. एकूण ३६. फरक अडीच किलोमीटरचा, पण रोजचा. वर्षाला नऊशेच्या वर आणि तोही एका गाडीचा.

आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र गंमत होते. मंडईत अडीचऐवजी तीन टन जमले की मंडई आणि स्टँड एका गाडीत मावत नाहीत. त्याच कोष्टकात तीन हा आकडा घालून पुन्हा वरून खाली या: स्टँड आणि कॉलेज जोडले जातात, त्यांना टाकी येऊन मिळते, मंडईची खेप स्वतंत्र होते. एकूण ३६ किलोमीटर. म्हणजे मुकादमाची रीत त्या दिवशी सगळ्यात चांगली ठरते. त्या दिवशीही रोजचाच मार्ग रेटला तर स्टँडवर अर्धा टन मागे राहतो. तो आणायला खास गाडी पाठवली तर १८ किलोमीटर वाढतात. चालकाने स्वतःच्या डोक्याने दुसरी खेप स्टँडवरून वळवली तर एकूण साडेअडतीसवर भागते. चालकाची ही अक्कल लेखी मार्गात कुठेच दिसत नाही, म्हणून मार्ग आखताना त्याला शेजारी बसवायला हवे. वारागणिक वेगळा मार्ग ही चैन नाही, बाजाराच्या गावात ती गरजच आहे.

आता अंतरांबद्दल. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले सरळ अंतर नदी, रेल्वे फाटक किंवा उड्डाणपूल मध्ये आला की हमखास चुकते. ओपनस्ट्रीटमॅपच्या रस्त्यांवरून अंतरांचे अख्खे कोष्टक काढून देणारे OSRM हे मोफत साधन आहे. पण त्याची नेहमीची मांडणी मोटारीसाठी असते. ज्या बोळात मोटार शिरते तिथे कॉम्पॅक्टर वळू शकत नाही, आणि बाजारपेठेतला सकाळी सातचा रस्ता अकराला तोच राहत नाही. म्हणून संगणकाने दिलेल्या कोष्टकातली निदान वीसएक अंतरे गाडीच्या मीटरवर ताडून पाहावीत. जीपीएस बसवलेले असेल तर जुन्या नोंदींतून खरी अंतरे आणि खरा वेळ, दोन्ही मिळतात.

पुण्यात याला आणखी एक बाजू आहे. तिथे ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सदस्य घरोघरचा कचरा ढकलगाडीने फीडर पॉइंटवर आणतात आणि महापालिकेची गाडी तो तिथून उचलते. गाडी लवकर पोचली तर पॉइंट रिकामा असतो, उशिरा पोचली तर माणसे ताटकळतात. अशा ठिकाणी सगळ्यात लहान मार्ग चुकीचा ठरू शकतो. कोष्टकात किलोमीटरच्या शेजारी वेळेचाही रकाना लागतो आणि तो फीडर पॉइंटवर उभ्या असणाऱ्या बाईंना विचारूनच भरावा लागतो.

घरोघर फिरणाऱ्या घंटागाडीचे कोडे मुळातच वेगळे आहे. तिला ठिकाणे गाठायची नसतात, प्रत्येक गल्ली पार करायची असते. चिनी गणिती कुआन मेइ-को यांनी १९६० मध्ये पोस्टमनच्या फेरीसाठी हाच प्रश्न सोडवला. ज्या चौकात विषम संख्येने रस्ते मिळतात तिथे कुठली तरी गल्ली दोनदा तुडवावी लागते. कोणत्या गल्ल्या दोनदा घेतल्या तर कमीत कमी फेरा पडेल, एवढेच ठरवायचे उरते. बंद बोळाच्या टोकाला एकच रस्ता असतो, म्हणून तिथून परत येणे अटळ आहे. न्यूयॉर्कच्या कचरागाड्यांसाठी बेल्ट्रामी आणि बोडिन यांनी असे मार्ग आखण्याचे काम केले आणि ते १९७४ साली प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शुस्टर आणि शूर यांची एक पुस्तिका काढली. महाराष्ट्रातल्या प्रत्येक आरोग्य निरीक्षकाच्या टेबलावर असावी अशी ती आहे. तिच्यात नकाशा आणि पेन्सिल घेऊन मार्ग आखण्याचे नियम आहेत. मार्ग तुकड्यातुकड्यांचे नसावेत, एकमेकांवर चढू नयेत. प्रत्येक मार्गाचा वेळ, प्रकल्पापर्यंतची वाहतूक धरून, साधारण सारखा असावा. फेरी गॅरेजच्या जवळून सुरू व्हावी. वर्दळीचे रस्ते गर्दीच्या वेळी घेऊ नयेत. चढाची वस्ती आधी घ्यावी, म्हणजे भरलेली गाडी उताराला लागते. आणि तीव्र उतारावर खाली येताना दोन्ही बाजूंचा कचरा उचलावा.

पुस्तिकेत घड्याळाच्या दिशेने वळसे घ्यायला सांगितले आहे, कारण तिकडे वाहने उजवीकडून चालतात आणि उजवे वळण सोपे. आपल्याकडे डावे वळण सोपे, म्हणून हा नियम उलटा करून घड्याळाच्या विरुद्ध दिशेने वळसे घ्यायचे. परदेशी सॉफ्टवेअर आणतानाही हे तपासून घ्यायला हवे.

आखलेला मार्ग चुकला हे कळते कुठे? वजनकाट्यावर. रोजच्या पावत्यांवरचे निव्वळ वजन खेपेनुसार मांडले की चित्र लगेच स्पष्ट होते. चार टनांची गाडी सतत अडीच टनांवर येत असेल तर मार्ग फार लहान कापला गेला आहे किंवा सुक्याचा कप्पा आधी भरतो आहे. मग वजनाऐवजी घनफळाचा रकाना धरायचा. जीपीएसच्या अहवालात ‘शंभर टक्के पॉइंट पूर्ण’ दिसते तेव्हा गाडी तिथे किती वेळ थांबली ते पाहावे. कंटेनर उचलून रिकामा करायला काही मिनिटे जातात. जी गाडी काही सेकंदांत पुढे सरकली, ती शेजारच्या रस्त्यावरून नुसतीच गेलेली असते.

प्रकल्प वीस-पंचवीस किलोमीटर दूर असेल तर गल्ल्यांचा क्रम बदलून वाचणारे एखाद-दुसरे किलोमीटर किरकोळ ठरतात. तिथे एक खेप कमी झाली की चाळीस-पन्नास किलोमीटर एकदम वाचतात. म्हणून अशा शहरांनी आधी गाड्या पुरत्या भरण्याकडे आणि वाटेतल्या हस्तांतरण केंद्राकडे पाहावे, वळणांची मोजदाद नंतर.

आणि हे सगळे शेवटी कंत्राटाच्या अटींपाशी येऊन अडते. ठेकेदाराला खेपेमागे पैसे मिळत असतील तर खेपा कमी करणारे कोष्टक तो कशाला मागेल? टनामागे मिळत असतील तर मंडई आणि हॉटेलांचा जड कचरा वेळेवर उचलला जाईल आणि कडेच्या वस्तीतला हलका कचरा राहून जाईल. दर ठरवताना मार्गावरच्या किती गल्ल्या आणि पॉइंट खरोखर पूर्ण झाले यावर मोबदल्याचा मोठा भाग बांधावा, आणि खेपेनुसार वजन, किलोमीटर आणि थांबण्याचा वेळ साध्या शीटमध्ये महापालिकेला द्यायची अट घालावी. नव्या नियमांमुळे अनेक ठिकाणी गाड्या आणि ठेके बदलतील. ही अट निविदा निघण्याआधीच मसुद्यात जायला हवी, कारण ठेका सुरू झाल्यावर ती माहिती मागायला महापालिकेच्या हातात काही उरत नाही.