बँकेत पैसे वाढले, तरी क्लब तोट्यात?

क्रीडा मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा म्हणजे हिशेब संपून चहा कधी येतो, याची वाट पाहणं. खजिनदार जमाखर्चाच्या ओळी एकामागून एक वाचतो, मंडळी 'मंजूर, मंजूर' म्हणतात आणि मुद्द्याची गोष्ट तशीच राहून जाते.

सभासदांना कळायला हवं ते एवढंच, की वर्ष भागलं का? म्हणून भाषणाची सुरुवातच उत्तराने करावी. समजा, कबड्डीचं एक मंडळ आहे, सभासद 200. खजिनदार उठतो आणि म्हणतो, "मंडळी, यंदा आपल्याला 1 लाख 20 हजारांची तूट आली आहे."

लगेच मागून कुणीतरी विचारणार, "अहो, पण गेल्या मार्चला बँकेत 3 लाख होते, यंदा साडेतीन आहेत. मग तूट कसली?"

खरं भाषण इथे सुरू होतं. "काका, पासबुकात साडेतीन लाख आहेत हे खरं. पण त्यातले 80 हजार म्हणजे तुम्ही मार्चमध्येच भरलेली पुढच्या वर्षाची वर्गणी. ती यंदाची कमाई नव्हे. प्रशिक्षकांचं दोन महिन्यांचं मानधन, 40 हजार, अजून द्यायचं आहे. हे दोन्ही वजा केले की आपले उरतात 2 लाख 30 हजार. गेल्या वर्षी असं काही देणं नव्हतं, 3 लाख सगळे आपलेच होते. म्हणजे 70 हजार कमी झाले."

उरलेले 50 हजार मॅटचे. तीन वर्षांपूर्वी 4 लाखांना घेतलेली मॅट आठ वर्षं टिकेल असं धरलं, तर दरवर्षी तिची 50 हजारांची झीज होते. हाच घसारा. यंदा त्यासाठी खिशातून दमडीही गेली नाही, म्हणून पासबुकात तो दिसत नाही. तो दिसतो उत्पन्न-खर्च पत्रकात. आगाऊ वर्गणी आणि थकलेलं मानधन ताळेबंदात देणी म्हणून येतात. नुसता रोख जमाखर्च वाचून दाखवला, तर या तिन्ही गोष्टी निसटतात. 'ऑडिट झालंय' म्हणून विषय मिटत नाही, कारण लेखापरीक्षक हिशेब तपासतो. वर्गणी पुरते की नाही, हे सभेनेच ठरवायचं असतं.

शेवटी तूट माणशी करून सांगावी. 70 हजार भागिले 200 सभासद, म्हणजे माणशी 350 रुपये. मॅटची झीज धरली तर 600. आता सभेपुढे दोनच वाटा राहतात. वर्गणी 350 ने वाढवली, तर रोजचा खर्च भागेल, पण मॅट फाटेल तेव्हा पावतीपुस्तकं घेऊन दारोदार फिरावं लागेल. 600 ने वाढवली, तर दरवर्षी 50 हजार मुदत ठेवीत टाकता येतील.

यावर मात्र मंडळी 'मंजूर' म्हणून गप्प बसत नाहीत, वाद घालतात.