जाडी वाढली, चिवटपणा घटला

विमानाच्या पंखांत वापरल्या जाणाऱ्या ७०७५-टी६ ॲल्युमिनियमचे दोन तुकडे घेऊ, एक २ मिलिमीटर जाडीचा आणि दुसरा २० मिलिमीटर जाडीचा. धातू तोच, उष्णोपचारही तोच. दोन्हींमध्ये आधीच एक भेग पाडून ठेवली आणि ते ताणत नेले, तर जाड तुकडा भेगेला कमी विरोध करतो. ताण आणि भेगेची लांबी मिळून भेगेच्या टोकावर किती जोर येतो, हे ‘के’ या राशीने मोजायची रीत जॉर्ज अर्विन यांनी १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत बसवली. ज्या ‘के’ला भेग पळू लागते, तो त्या तुकड्याचा फ्रॅक्चर टफनेस. पातळ पत्र्यात हा आकडा जाड तुकड्याच्या दुपटीलाही पोचू शकतो.

जाड वस्तू अधिक भक्कम असणार, हा आपला अंदाज इथे चुकतो. त्याचं कारण भेगेच्या टोकाशी आहे.

रबर ताणलं की ते मधे बारीक होतं. भेगेच्या टोकाजवळचा धातू प्रचंड ताणला जातो, तेव्हा त्यालाही जाडीच्या दिशेने आक्रसायचं असतं. पातळ पत्र्यात दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग जवळ असतात आणि तिथे धरून ठेवणारं कोणी नसतं. धातू आक्रसतो, पृष्ठभागावर छोटीशी खळी पडते आणि जाडीच्या दिशेचा ताण शून्यावर राहतो. ही प्लेन स्ट्रेसची स्थिती. जाड तुकड्याच्या पोटात मात्र टोकाच्या चिमूटभर धातूभोवती फारसा न ताणलेला भरपूर धातू असतो, आणि तो या आक्रसण्याला अडवतो. जाडीच्या दिशेने हालचाल नाही, पण त्या दिशेने ताण मात्र तयार होतो. ही प्लेन स्ट्रेनची स्थिती.

या तिसऱ्या ताणाने एवढं काय बिघडतं? धातू कायमचा वाकतो तो ताणाच्या आकारमानामुळे नव्हे, तर निरनिराळ्या दिशांच्या ताणांमधल्या फरकामुळे. थर एकमेकांवरून घसरायला हा फरक लागतो. या ॲल्युमिनियमला ५०० मेगापास्कलच्या आसपास फरक हवा. भेगेच्या नेमक्या पुढे दोन दिशांचे ताण सारखे असतात. पत्र्यात तिसरा शून्य, म्हणून हे दोन ५०० ला पोचले की घसरण सुरू. जाड तुकड्यात तिसरा ताण त्या दोघांच्या बेरजेच्या सुमारे ०.३३ पट, म्हणजे प्रत्येकाच्या ०.६६ पट असतो. फरक उरतो फक्त ०.३४ पट. म्हणजे तो ५०० होण्यासाठी मुख्य ताण जवळजवळ १५०० पर्यंत चढवावा लागतो. हे गणित आदर्श स्थितीचं. प्रत्यक्षात धातू वाकू लागल्यावर अडवणूक थोडी सैल होते. तरी अर्विन यांच्या अंदाजानुसार टोकाभोवतीचा वाकलेला प्रदेश, म्हणजे प्लास्टिक झोन, जाड तुकड्यात पत्र्याच्या एक तृतीयांशच राहतो.

भेगेची ऊर्जा मुख्यतः खाल्ली जाते ती या प्रदेशात. तो लहान झाला की ऊर्जा खाणारा धातूच कमी, आणि वरून चहूबाजूंनी ताणलेल्या धातूत आतल्या सूक्ष्म कणांभोवती पोकळ्या सहज उघडतात. चिवटपणा घटतो तो असा.

तुटलेला तुकडा हातात घेतला की हे डोळ्यांना दिसतं. पातळ पत्रा साधारण ४५ अंशांत तिरका फाटलेला असतो. जाड तुकड्याचा मधला भाग सपाट तुटतो आणि फक्त कडांना तिरक्या पट्ट्या, ज्यांना शिअर लिप म्हणतात, उरतात. जाडी वाढवली तरी या पट्ट्यांची रुंदी जवळपास तेवढीच राहते, म्हणून एकूण जाडीत त्यांचा वाटा घटत जातो. मोजलेला आकडा आधी वेगाने उतरतो आणि मग एका पातळीवर स्थिरावतो, तो याचमुळे. ही खालची पातळीच धातूचा स्वतःचा गुण म्हणून हँडबुकात छापली जाते. वरचा आकडा धातू आणि जाडी या दोघांचा मिळून असतो.

ही पातळी गाठली का, हे ठरवायचा रूढ नियम असा: मोजलेल्या टफनेसला यील्ड ताणाने भागा, वर्ग करा, अडीचने गुणा. नमुन्याची जाडी त्याहून कमी नको. आपल्या ॲल्युमिनियमचा टफनेस २७ मेगापास्कल रूट मीटर धरला, तर उत्तर येतं ७.३ मिलिमीटर. २० मिलिमीटरचा तुकडा पास, २ मिलिमीटरचा नापास. यातली गंमत अशी की जाडी पुरेशी आहे की नाही, हे चाचणी झाल्यावरच कळतं. नमुना नापास झाला तर मिळालेला आकडा तात्पुरता ठरतो आणि जाड नमुन्यावर पुन्हा सुरुवात करावी लागते.

चिवट पोलादाला हाच नियम लावा. टफनेस २००, यील्ड ४०० धरा: जाडी ६२ सेंटिमीटर! अणुभट्टीच्या पात्राच्या पोलादासाठी अमेरिकेत खरोखरच १२ इंच जाडीचे नमुने तोडले गेले. इतक्या अजस्र नमुन्यांची गरज टाळण्याची वाट जेम्स राइस यांच्या १९६८ च्या ‘जे-इंटिग्रल’मुळे मोकळी झाली. या राशीत टोकाभोवतीच्या वाकण्याचाही हिशेब धरता येतो, त्यामुळे बरेच लहान नमुने चालतात.