गॅलरीतला कढीलिंब आणि मालवणचा पाऊस

कोकणातील जुन्या घरांच्या परसात, विहिरीच्या किंवा न्हाणीघराच्या सांडपाण्यालगत कढीलिंबाचे एखादे झाड असतेच. त्याला कोणी मुद्दाम खत घालत नाही, छाटणीही करत नाही. तरी ते वर्षानुवर्षे पाने देते आणि मुळांतून आपली पिल्ले भोवताली पसरवते. हेच झाड कुंडीत लावून दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत आणले की मात्र पहिल्याच पावसाळ्यात पिवळे पडते आणि गणपतीपर्यंत अनेकदा त्याची नुसती काडी उरते. परसातील झाडाला जो पाऊस मानवतो, तोच कुंडीतील झाडाला का मारतो, हे कळले की या झाडाची निम्मी निगा कळली.

नावामुळे पुष्कळांचा समज होतो की, कढीलिंब हा कडुलिंबाचा भाऊबंद असावा. पानांची ठेवण तशी दिसते खरी. पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्याचे गोत्र लिंबू, संत्रे आणि बेल यांचे. या कुळातील झाडांची मुळे तहान काही काळ सोसतात, परंतु साचलेले पाणी सोसत नाहीत. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या की तेथील हवा संपते, बारीक मुळे कुजू लागतात आणि पाण्यात उभे असलेले झाड तहानेने कोमेजते. मालवण किनाऱ्यावर चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परसात हे पाणी जांभ्याच्या सच्छिद्र थरातून खाली झिरपून जाते. कुंडीला तळ असतो, आणि सारा फरक त्या तळाने पडतो.

यावरून पहिला नियम निघतो तो लावणीच्या वेळेचा. परसात रोप मृगाच्या पावसावर लावतात. कुंडीत मात्र ते पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास लावावे, म्हणजे पुढील पावसाळ्यापूर्वी मुळे धरायला त्याला सात-आठ महिने मिळतात. रोपवाटिकेतून वीतभर उंचीचे निरोगी रोप आणणे सर्वांत सोपे. बियांपासून करायचे असल्यास काळी पडलेली पिकली फळे घेऊन, त्यांचा गर धुऊन, बी लगेच पेरावे. डब्यात जपून ठेवलेले बी काही आठवड्यांतच उगवणशक्ती गमावते.

दुसरा नियम कुंडीच्या आकाराचा. मोठ्या कुंडीत झाड मोठे होते, हे खरे. पण वीतभर रोप एकदम मोठ्या कुंडीत लावणे चुकीचे. त्याची इवलीशी मुळे एवढ्या मातीतील ओल शोषू शकत नाहीत आणि कुंडी आतून कायम ओली राहते. म्हणून पहिले वर्ष दहा इंचांच्या मातीच्या कुंडीत काढावे आणि झाड अंगाने भरल्यावर त्याला अठरा इंच रुंद व तितक्याच खोल कुंडीत हलवावे. लहान कुंडी एका माणसाला उचलता येते, ही सोय पहिल्या पावसाळ्यात मोलाची ठरते.

मातीचे मिश्रण स्थानिक वस्तूंतूनच साधते. दोन भाग तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग भाताचे तूस किंवा नदीची जाड वाळू. समुद्रकाठची वाळू घेऊ नये, कारण तिच्यातील मीठ मुळांना बाधते. नारळाच्या सोडणाचा भुसाही येथे बेताने वापरावा. तो पाणी धरून ठेवतो, आणि या किनाऱ्यावर पावसाळ्यात नेमके तेच नको असते. कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर घालण्याची पद्धत सर्वत्र आहे, तिचाही फेरविचार करावा. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. ते थराच्या वरच्या कडेशी अडून राहते. खडीमुळे ओला भाग उलट मुळांच्या जवळ येतो. त्यापेक्षा तळाला पाच-सहा भोके असावीत, प्रत्येकावर खापरीचा एक तुकडा उपडा ठेवावा आणि कुंडी दोन विटांवर उचलून ठेवावी. पावसाळ्यात खालची थाळी काढून टाकावी. तिच्यात साचलेले पाणी झाडाला अपायकारक असतेच, शिवाय त्यात डासांची उत्पत्ती होते.

खताबाबत जैन घरांत एक प्रश्न हटकून येतो. किनाऱ्यावर माडांना सुक्या मासळीचे खत घालण्याची रीत आहे, आणि बाजारातील तयार खतांत हाडांचा चुरा असू शकतो. कढीलिंबाला या दोहोंची मुळीच गरज नाही. त्याला मुख्यतः पानांची वाढ करणारे नत्र हवे असते. ते शेणखतातून आणि निंबोळी किंवा शेंगदाण्याच्या पेंडीतून मिळते. ऑक्टोबर ते मे या काळात दर महिन्याला मूठभर शेणखत आणि चमचाभर पेंड मातीत मिसळावी. तयार खत घेताना पिशवीवरील घटक वाचून घ्यावेत. आंबट ताक घालण्याचा घरगुती उपाय चालतो. मात्र ते बिनमिठाचे असावे, वाटीभर ताकात लिटरभर पाणी घालावे आणि पंधरवड्यातून एकदाच द्यावे.

आता उन्हाचा विचार. कढीलिंबाला दिवसाकाठी पाच-सहा तास थेट ऊन हवे. मालवण सुमारे सोळा अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. हिवाळ्यात उन्हाने न्हाऊन निघणारी दक्षिणेची गॅलरी त्या काळात दुपारी सावलीत जाते. पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या गॅलरीत ऊन बाराही महिने येते. पश्चिमेला समुद्राचा खारा वारा असतो, म्हणून तेथे पावसाळ्याबाहेरच्या महिन्यांत आठवड्यातून एकदा पाने गोड्या पाण्याने धुवावीत.

उदाहरणादाखल पश्चिमेच्या अशाच एका गॅलरीतील रोपाची दोन वर्षे पाहता येतील. दसऱ्याला दहा इंचांच्या कुंडीत लावलेले वीतभर रोप फेब्रुवारीअखेर दीड-दोन फूट होते. तोवर एकही पान तोडायचे नाही. मग दीड फुटावर, पानाच्या देठाच्या किंचित वर, शेंडा कापायचा. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फोडणीसाठी आपण जिला डहाळी म्हणतो, ते खरे तर एकच पान असते. त्याच्या मधल्या दांड्यावर लहान पर्णिका असतात. या पर्णिका ओरबाडल्या तर झाडावर नुसता दांडा उरतो आणि नवे काही फुटत नाही. शेंडा खुडला तर त्याच्या खालच्या देठांच्या बेचक्यांतील दोन-तीन डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या जागी दोन-तीन फांद्या येतात. म्हणून तोडणी हीच छाटणी, अशी सवय लावावी. आठ शेंडे असलेल्या झाडावरून एका वेळी दोन किंवा तीनच शेंडे घ्यावेत आणि नवी पालवी गडद हिरवी होईपर्यंत तेथे पुन्हा हात लावू नये. उन्हाळ्यात येणारे पांढऱ्या फुलांचे तुरे, पानेच हवी असतील तर, कळीतच खुडावेत.

एप्रिल-मेमध्ये खाडीलगतच्या विहिरींचे पाणी मचूळ होते. ते कुंडीत घातल्यास पानांच्या कडा करपून कुरकुरीत होतात. या दोन महिन्यांत शक्य असेल तर नळाचे गोडे पाणी द्यावे. जूनमध्ये कुंडी छपराच्या आत, भिंतीकडे सरकवावी. ऊन मिळावे पण पावसाची झड थेट बसू नये, अशा जागी. बोट दोन इंच मातीत घालून ओल पाहावी आणि ओल लागली तर पाणी देऊ नये. अनेक आठवडे पाण्याचा तांब्या कुंडीजवळ न नेणे हीच या काळातील निगा होय.

पाने पिवळी पडली तर खत घालण्याची घाई करू नये. आधी पिवळेपणा कोठे आहे ते पाहावे. माती ओली, तिला आंबूस वास आणि सकाळीच झाड मरगळलेले, तर मुळे कुजत आहेत. अशा वेळी रोप मातीच्या गोळ्यासह बाहेर काढून, काळी मऊ मुळे कापून, कोरड्या मिश्रणात पुन्हा लावावे आणि वरच्या फांद्याही तिसऱ्या हिश्श्याने कमी कराव्यात. खालची जुनी पाने सरसकट पिवळी झाली असतील, तर नत्र कमी आहे. कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाही. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस विरघळवून ते ओलसर मातीत एकदाच घालावे.

दुसऱ्या दसऱ्याला हे झाड अठरा इंचांच्या कुंडीत जाते. भरलेली कुंडी जागेवरून हलत नाही, म्हणून आधी जागा ठरवून मगच ती भरावी. त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी मुळांच्या गोळ्याची बाहेरची बोटभर कड कापून ताजी माती घालावी लागते.

उरतो तो अळीचा प्रश्न, आणि जैन घरांत तो सर्वांत नाजूक. कढीलिंब लिंबाच्या कुळातला असल्यामुळे लिंबावरचे फुलपाखरू त्याच्या कोवळ्या पालवीवर एकेक अंडे घालते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून तांबूस दुभंगी शिंग काढून उग्र वास सोडते. दोन-चार अळ्या कुंडीतील लहान झाड आठवड्यात ओके-बोके करू शकतात. फवारणीने जीवहत्या होते, शिवाय ती पाने पोटात जातात. प्रतिबंध हाच येथे खरा उपाय. नवी पालवी फुटताच झाडावर मच्छरदाणीचे कापड सैल घालून खाली बांधावे. पालवी जून झाली की काढावे. तरीही अळी दिसली, तर तिला न शिवता ती बसलेली पर्णिका कापावी आणि पर्णिकेसह जवळच्या लिंबाच्या किंवा बेलाच्या झाडावर ठेवावी. नुसती गॅलरीबाहेर टाकणे किंवा जास्वंदीवर नेऊन सोडणे ही दया नव्हे. या अळीला लिंबाच्या कुळाखेरीज दुसरे अन्न चालत नाही. ती तेथे उपाशी मरते. जवळपास असे झाड नसेल, तर कढीलिंबाचीच एक फांदी तिच्यासाठी राखून बाकीचे झाड कापडाखाली ठेवावे. दोन-तीन आठवड्यांत ती कोशात जाते आणि फांदीला पुन्हा पालवी येते.