गौरवलेखाची दुरुस्ती

गावच्या वार्तापत्रात निवृत्त गुरुजींवर येणारा गौरवलेख बहुधा ‘1 जून रोजी एका गरीब शेतकरी कुटुंबात जन्म’ असा सुरू होतो. इथेच पहिली खूण करावी लागते. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की सरसकट 1 जून लिहिण्याची रीत होती. त्यामुळे या तारखेचे शिक्षक वयाच्या 58व्या वर्षी 31 मे रोजी एकदम निवृत्त होतात. निवृत्तीची तारीख पक्की असते, जन्माची नसते. घरचे ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’ म्हणत असतील तर तेच छापावे.

इंदापूर तालुक्यातील एखाद्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी नमुन्यादाखल घेऊ. मसुद्यात ‘हजारो विद्यार्थी घडवले’ असे असते. पट 40चा, पहिलीत दरवर्षी दहाएक नवी मुले, नोकरी 36 वर्षांची; हिशेब साडेतीनशेच्या आसपास थांबतो. साडेतीनशे मुले नावानिशी ओळखणारा माणूस मात्र हजारोंच्या आकड्यात हरवतो.

‘वंचितांसाठी अहोरात्र झटले’ या वाक्यावर एकच प्रश्न विचारावा: म्हणजे नेमके काय केले? भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर या कारखान्यांच्या पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की बीड-नगरकडून ऊसतोड टोळ्या येतात. तोडणीवाले अंधारातच फडात जातात आणि मागे राहिलेले मोठे मूल धाकट्याला सांभाळते. आईबापांशी बोलायचे तर ते फडात निघण्याआधी कोपीवर पोहोचावे लागते. जुना विद्यार्थी सांगतो, ‘‘सर चुलीपाशी बसून आईला म्हणायचे, धाकटीलाही घेऊन येऊ दे.’’ या एका वाक्यापुढे ‘अहोरात्र’ खोडून टाकावे.

आठवणी मात्र तपासून घ्याव्यात. एकाला सरांची सायकल आठवते, दुसऱ्याला लूना. दोन्ही खरे असू शकते, पण कोणत्या वर्षी काय होते ते सरांनाच विचारावे. टोळीतली मुले खरोखर शाळेत बसली का, हे त्या हंगामाच्या हजेरीवरून कळते. मुलांची नावे छापायचे कारण नाही.

पुरस्कारांची रांग शेवटच्या चौकटीत जावी. तिथेही सावध राहावे लागते: जिल्हा परिषदेचा, राज्य शासनाचा आणि एखाद्या खासगी मंडळाचा, तिन्हींना मसुद्यात ‘आदर्श शिक्षक पुरस्कार’च म्हटलेले असते. प्रमाणपत्रावर देणाऱ्याचे नाव व वर्ष दिसते, तेवढेच घ्यावे. प्रमाणपत्र सापडत नसेल तर ती ओळ गाळावी.

छपाईपूर्वी मजकूर सरांना वाचून दाखवावा. स्तुतीला ते हात जोडतील, पण शाळेच्या वस्तीचे नाव चुकले असेल तर लगेच थांबवतील.