पंखा हळू फिरतो, नुसता गुणगुणतो: कंडेन्सर बदलायचा की पंखाच?

पाचवर ठेवलेला पंखा तिनासारखा वारा देतो. दोनवर ठेवला तर सुरूच होत नाही, नुसता 'हं…' असा आवाज काढत उभा राहतो. घरातले कुणीतरी टेबलावर चढून पात्याला ढकलते आणि मग तो रडतखडत फिरू लागतो. अशा पंख्याकडे बघून बहुतेक घरांत एकच निष्कर्ष निघतो: पंखा जुना झाला, आता नवीन घ्या. खरे तर या लक्षणांमागे बहुतेक वेळा पंख्याच्या दांड्याखालच्या वाटीत बसलेली काड्यापेटीएवढी वस्तू असते. इलेक्ट्रिशियन तिला कंडेन्सर म्हणतात, पुस्तकात कपॅसिटर. दुकानात ती साधारण पन्नास रुपयांच्या आसपास मिळते.

पण 'काय ते पन्नास रुपयांचे, बघू नंतर' असे म्हणून पंखा तसाच चालवणे महागात पडू शकते. ते कसे, हे समजण्यासाठी आधी कंडेन्सर काय करतो ते पाहू.

ढकलल्यावरच का फिरतो?

पंख्याच्या मोटरमध्ये तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एक मुख्य, दुसरे मदतीचे. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते, त्यामुळे मुख्य वेटोळ्यातले चुंबकत्वही तसेच मागेपुढे होते. असे चुंबकत्व मोटरला थरथरवते, पण कोणत्या बाजूला फिरायचे ते सांगत नाही. झोपाळ्यावर बसलेल्याला पुढून आणि मागून सारख्याच जोराने ढकलावे तसे काहीसे.

दिशा देण्याचे काम दुसरे वेटोळे करते. त्याच्या वाटेत कंडेन्सर जोडलेला असतो. तो त्या वेटोळ्यातला प्रवाह मुख्य प्रवाहाच्या थोडा पुढे काढतो. दोन धक्के आता एकदम न बसता एकामागोमाग बसतात आणि चुंबकत्व गोल फिरू लागते. पंखा त्याच्यामागे ओढला जातो.

कंडेन्सर कमजोर झाला की हा दुसरा धक्का दुबळा होतो. पंखा फिरतो, पण जोर कमी पडतो. कंडेन्सर पूर्ण गेला तर दुसरा धक्का उरतच नाही. मग पंखा जागेवर गुणगुणत राहतो. गंमत म्हणजे अशा पंख्याला तुम्ही ज्या बाजूला ढकलाल त्याच बाजूला तो फिरू लागतो, उलट ढकलला तर उलट. दिशा ठरवणारे कुणी आत राहिलेले नसते.

इथेच धोका आहे. उभ्या राहिलेल्या मोटरमधून चालत्या मोटरपेक्षा जास्त वीज वाहते, आणि पाती फिरत नसल्याने मोटरला वाराही लागत नाही. रात्री वीज जाऊन परत आली, पंखा सुरू न होता तासन्‌तास गुणगुणत राहिला, तर वेटोळ्यावरचे वार्निश जळते. सकाळी खोलीत करपल्याचा वास येतो आणि पन्नास रुपयांचे काम रिवाइंडिंगवर गेलेले असते. म्हणून ढकलून चालू होणारा पंखा रात्री लावून झोपू नये.

कंडेन्सर कमजोर का होतो?

त्याच्या आत प्लॅस्टिकची अतिशय पातळ पट्टी गुंडाळलेली असते आणि तिच्यावर धातूचा मुलामा असतो. घरात वीज २३० व्होल्टची असली तरी चालत्या पंख्याच्या कंडेन्सरवर त्याहून जास्त दाब येतो. म्हणूनच त्याच्यावर ४४० व्होल्ट असे छापलेले दिसते. विजेचा एखादा जोराचा झटका आला की पट्टीला सूक्ष्म भोक पडते. त्या भोकाभोवतीचा मुलामा क्षणात उडून जातो आणि जखम आपोआप बंद होते. कंडेन्सर वाचतो, पण त्याचे क्षेत्र तेवढे कमी होते. छताजवळची उन्हाळ्यातली गरमी आणि पावसाळ्यातला दमटपणा या झिजेला मदत करतात. हे सगळे वर्षानुवर्षे थोडे थोडे होते, म्हणून पंखा कधी हळू झाला ते घरच्यांच्या लक्षातच येत नाही. पाहुणा येऊन 'याला वाराच नाही' म्हणतो तेव्हा कळते.

दोष नक्की कुठे, ते कसे ओळखायचे?

वर चढण्याआधी खालीच दोन गोष्टी बघा. घरातले सगळेच पंखे संध्याकाळी हळू होत असतील तर व्होल्टेज कमी आहे, पंख्याचा दोष नाही. एकच पंखा हळू असेल तर रेग्युलेटर पाचवर न्या. टप्प्याटप्प्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये पाचवर वीज बहुधा थेट पंख्याकडे जाते. पाचवर पंखा झकास फिरत असेल आणि तीनवर मरत असेल, तर संशय रेग्युलेटरवर घ्या. त्याच्या आतही लहान कंडेन्सर असतात आणि तेही झिजतात. गोल फिरवायच्या बटणाच्या काही रेग्युलेटरवर कमी वेगात पंखा गुणगुणतो आणि पूर्ण वेगात गप्प होतो. तो त्या रेग्युलेटरचा स्वभाव आहे, कंडेन्सर बदलून तो जाणार नाही.

पाचवरही पंखा मंद असेल तर एमसीबी खाली करा. नुसते भिंतीवरचे बटण पुरत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी चुकीच्या तारेवर बसवलेले असते आणि बटण बंद असूनही पंख्यात वीज राहते. मग पात्याला हाताने हलकेच फिरवा. पंखा बिनआवाज, अलगद काही फेरे मारून थांबला तर बेअरिंग ठीक आहे आणि कंडेन्सरवरचा संशय बळावतो. घरघर ऐकू आली, हात जड लागला किंवा पंखा झटकन थांबला, तर बेअरिंग सुकले आहे. अशा पंख्याला नवा कंडेन्सर लावून फारसा फरक पडणार नाही.

शेवटची खात्री मीटर देतो. ज्या मल्टिमीटरवर कपॅसिटन्स मोजता येते तो हवा. कंडेन्सरच्या अंगावर त्याची क्षमता छापलेली असते, आपल्याकडच्या पंख्यांत बहुधा २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड, मीटरच्या पडद्यावर µF. सोबत पाच टक्के कमीजास्तीची मुभा लिहिलेली असते. म्हणजे २.५ चा कंडेन्सर २.३८ च्या खाली गेला की तो आपल्या हमीच्या बाहेर आला.

एक उदाहरण घेऊ. बेडरूममधला ४८ इंची पंखा, दहा वर्षांचा. पाचवर मंद, दोनवर सुरूच होत नाही. हाताने फिरवला तर अलगद फिरतो. कंडेन्सरवर २.५ छापले आहे, मीटर १.६ दाखवतो. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त क्षमता गेली. इथे दुसरे काही शोधायची गरज नाही.

बदलताना

हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलेले बरे. त्याची फेरी धरूनही खर्च बहुतेक ठिकाणी काहीशे रुपयांतच राहतो. स्वतः करणार असाल तर एमसीबी बंद ठेवा, भक्कम शिडी वापरा, टेस्टरने वीज नसल्याची खात्री करा आणि वायरी सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कंडेन्सरमध्ये थोडी वीज साठून राहिलेली असू शकते. त्याच्या दोन टोकांना जुन्या पिवळ्या बल्बच्या वायरी क्षणभर टेकवल्या की ती निघून जाते.

नवा कंडेन्सर जुन्याच आकड्याचा घ्या. इथे एक मोह असतो. दुकानदार किंवा मिस्त्री म्हणतो, '२.५ च्या जागी ४ चा टाकतो, पंखा विमानासारखा पळेल.' तो थोडा पळेलही. पण दुसऱ्या वेटोळ्यातून त्याच्या ताकदीबाहेर वीज वाहते, मोटर तापते, गुणगुण वाढते आणि काही उन्हाळ्यांत वेटोळे जळते. आकडा पुसला गेला असेल तर पंख्यावरच्या पट्टीवर पाहा, तिथेही नसेल तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या पंख्यातला आकडा पाहा. व्होल्टेजचा आकडा ४४० हून कमी नको.

कंडेन्सरच्या दोन वायरींना उलटसुलट असे काही नसते, कशाही जोडल्या तरी चालते. मात्र मोटरकडून येणाऱ्या वायरींची अदलाबदल झाली तर पंखा उलटा फिरतो आणि वारा छताकडे जातो. जोडणी झाल्यावर वेग आहे पण वारा नाही असे वाटले, तर आधी हेच बघायचे.

मग नवीन पंखा कधी?

नवा कंडेन्सर लावूनही पंखा गुणगुणतच राहिला तर दुसरे वेटोळे तुटलेले किंवा जळलेले असण्याची शक्यता मोठी. रिवाइंडिंग होते, पण दहा-बारा वर्षांच्या साध्या पंख्यावर तो खर्च मला पटत नाही. भरलेली तार किती चांगली आहे हे बाहेरून कळत नाही, आणि पंखा शेवटी जुन्याच विजेच्या हिशेबावर चालतो. नुसते बेअरिंग गेले असेल तर मात्र ते बदलून घ्यावे, ते काम तुलनेने स्वस्त असते.

दुसरे कारण विजेचे. साधा जुना पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. फरक ४५ वॅटचा. बेडरूममधला आपला पंखा रोज १० तास, वर्षातले २७० दिवस चालतो असे धरा. बचत साधारण १२१ युनिट होते. युनिटला ९ रुपये पडत असतील तर वर्षाला जवळपास १,१०० रुपये. नवा पंखा ३,००० रुपयांना मिळाला तर तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. हाच पंखा पाहुण्यांच्या खोलीत रोज दोन तासच चालत असेल तर वसुलीला तेरा-चौदा वर्षे लागतील. म्हणजे पंखा बदलायचा की नाही हे कंडेन्सर ठरवत नाही, पंखा किती तास चालतो ते ठरवते. आजचा पंखा पन्नास रुपयांत बरा करून पुढच्या सेलपर्यंत थांबणेही चालते.

बीएलडीसीची दुसरी बाजूही माहीत असावी. त्यात इथे सांगितलेला कंडेन्सर नसतो, त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड असतो. तो बिघडला तर कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे सुटा भाग मिळेलच असे नाही, अख्खा बोर्ड बदलावा लागतो. म्हणून असा पंखा घेताना किमतीइतकीच वॉरंटी किती वर्षांची आणि तुमच्या गावात सर्व्हिस कोण देते, हे विचारून घ्या. त्याला भिंतीवरचा जुना रेग्युलेटरही सहसा चालत नाही, तो काढून टाकावा लागतो.