न दिसणारं व्याज

1992 साली भारतीय औद्योगिक विकास बँकेने, म्हणजे आयडीबीआयने, एक रोखा बाजारात आणला. आज 2,700 रुपये भरा आणि पंचवीस वर्षांनी 1 लाख रुपये घ्या, असा त्याचा साधा मजकूर होता. मधल्या काळात सहामाही व्याज नाही, वार्षिक व्याज नाही, काहीच नाही. मुलीच्या लग्नासाठी, नातवाच्या शिक्षणासाठी, स्वतःच्या निवृत्तीसाठी म्हणून मध्यमवर्गीय घरांनी हे रोखे घेतले आणि प्रमाणपत्रं कपाटात जपून ठेवली. लोक त्यांना ‘डीप डिस्काउंट बाँड’ म्हणत. दर्शनी किमतीपेक्षा पुष्कळ कमी भावाला विकला जाणारा, व्याज न देणारा हा रोखा म्हणजेच झिरो कूपन बाँड.

व्याज मिळत नसेल तर कमाई कुठून होते, असा प्रश्न कुणालाही पडेल. याचं उत्तर असं, की या रोख्यात व्याज असतंच. ते फक्त हातात दिलं जात नाही, मुद्दलातच मुरवलं जातं. 2,700 चे 25 वर्षांत 1,00,000 होतात, तेव्हा हिशेबाने वर्षाला साधारण 15.54 टक्के चक्रवाढ दर पडतो. हा दर प्रमाणपत्रावर छापलेला नसला तरी खरेदीची किंमत, शेवटची रक्कम आणि मुदत या तीन आकड्यांनी तो पक्का बांधलेला असतो.

हे व्याज कसं साठतं ते वर्षांच्या क्रमाने पाहू. पहिल्या वर्षी 2,700 वर 15.54 टक्क्यांनी साधारण 420 रुपये जमतात. दुसऱ्या वर्षी व्याज 3,120 वर लागतं. अशी दहा वर्षं गेली की रक्कम होते सुमारे 11,450. वीस वर्षांनी ती साधारण 48,550 वर पोहोचते. म्हणजे मुदतीचा चार पंचमांश भाग संपल्यावरही 1 लाखाचा निम्मा टप्पा गाठलेला नसतो. उरलेले 51,000 हून अधिक रुपये शेवटच्या पाच वर्षांत येतात, आणि त्यातले सुमारे 13,450 एकट्या पंचविसाव्या वर्षी. या रोख्याचं सगळं आकर्षण आणि त्यातला सगळा धोका या एका गोष्टीत आहे. कमाईचा मोठा वाटा शेवटाकडे असल्यामुळे शेवटची वर्षं कापली गेली, तर हाती उरतो तो फक्त सुरुवातीचा बारीक भाग.

आधी आकर्षण समजून घेऊ. समजा, त्याच 1992 साली कुणी 15.5 टक्के व्याज देणारा साधा रोखा घेतला असता. दर सहा महिन्यांनी त्याच्या खात्यात व्याज आलं असतं, आणि प्रत्येक वेळी ते पुन्हा कुठेतरी गुंतवावं लागलं असतं. तेव्हाचे व्याजदर चढे होते. रिझर्व्ह बँकेचा बँक दर 1992 मध्ये 12 टक्के होता, तो 2002 च्या मार्चपर्यंत 6.5 टक्क्यांवर आला. हाती आलेलं व्याज पुढच्या वर्षांत निम्म्या दराने गुंतवायला लागलं असतं, आणि मग 15.5 टक्के चक्रवाढ हा आकडा कागदावरच राहिला असता. झिरो कूपन बाँडमध्ये ही अडचण येत नाही. साठत गेलेल्या प्रत्येक रुपयाला पहिल्या दिवशी ठरलेला दरच मिळतो. बाहेर दर घसरले तरी धारकाला त्याची झळ लागत नाही. अमुक वर्षी अमुक रक्कम लागणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्यासाठी ही फार मोलाची सोय आहे.

दर घसरल्यावर अशा रोख्याचं मोल बाजारात किती वाढतं, तेही पाहण्यासारखं आहे. दहा वर्षं झाली आहेत आणि आणखी पंधरा वर्षांनी 1 लाख मिळणार आहेत, असं समजा. बाजारातला दर अजून 15.54 टक्के असेल, तर त्या हक्काची आजची किंमत सुमारे 11,450 रुपये. दर 8 टक्क्यांवर आला असेल, तर तोच हक्क साधारण 31,500 रुपयांचा होतो. रोखा तोच, शेवटची रक्कम तीच, आणि किंमत जवळपास तिप्पट. उलट दर वाढले तर ती तितक्याच जोराने कोसळते. मध्ये व्याज मिळत नसल्याने सगळं मोल दूरच्या एका तारखेवर अवलंबून असतं, म्हणून तितक्याच मुदतीच्या साध्या रोख्यापेक्षा याचा भाव जास्त हलतो.

आता धोका. आयडीबीआयच्या अटींमध्ये एक कलम होतं. दर पाच वर्षांनी ठरलेल्या रकमेला रोखा परत करण्याचा पर्याय धारकाला होता, आणि तोच रोखा परत घेण्याचा पर्याय बँकेलाही होता. बँकेच्या या हक्काला बाजारात ‘कॉल’ म्हणतात. दहाव्या वर्षाची रक्कम होती 12,000. 2002 साली बँकेने हा हक्क वापरला आणि धारकांना 12,000 रुपये देऊ केले.

वरकरणी यात तक्रारीला जागा दिसत नाही. 2,700 चे दहा वर्षांत 12,000, म्हणजे वर्षाला 16 टक्क्यांहून थोडं जास्तच, मूळ दरापेक्षाही किंचित सरस. बँक अटींच्या आत राहूनच वागली होती. पण धारकाचं नुकसान मागच्या दहा वर्षांत झालंच नव्हतं, ते पुढच्या पंधरा वर्षांत होतं. त्याचे 12,000 आता 8 टक्क्यांनी गुंतवले, तर 2017 साली त्यांचे साधारण 38,000 होतात. ज्या तारखेला तो 1 लाख धरून बसला होता, तिथे त्याला 62,000 कमी पडतात. 8 टक्के दराने पाहिलं तर साधारण 31,500 रुपयांचं मोल असलेला हक्क बँकेला 12,000 मध्ये सोडवून घेता आला. दर घसरले की बँकेला जुनं महाग कर्ज फेडून नवं स्वस्त कर्ज घेणं परवडतं, आणि नेमक्या त्याच वेळी धारकाला तो रोखा सर्वांत जास्त हवा असतो. मला वाटतं, जाहिरातीत 1 लाखाचा आकडा जितका मोठा छापला होता, तितकंच हे कलमही ठळक अक्षरांत असायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट इथे अडते. साध्या रोख्याचं व्याज दर सहामाहीला येतं आणि ते थांबलं की धारकाला लगेच कळतं. झिरो कूपन बाँडमध्ये मध्ये काही यायचंच नसतं, त्यामुळे काही बिनसलं तरी सुगावा लागत नाही. पत्ता बदललेला असेल किंवा मूळ धारक हयात नसेल, तर परत बोलावल्याची सूचना पोहोचतच नाही. कपाटातलं प्रमाणपत्र मात्र 1 लाखच सांगत राहतं. कॉलच्या तारखेनंतर त्यावर नवीन व्याज साठत नाही. रोखा काढणारी कंपनी डबघाईला आली तरी हेच होतं. हप्ता चुकल्याची धोक्याची घंटा वाजत नाही, आणि कळतं ते थेट मुदतीच्या दिवशी. असा रोखा ज्याच्याकडे आहे, त्याने कंपनीच्या पतमानांकनाकडे आणि तिच्या जाहीर सूचनांकडे वर्षातून एकदा तरी नजर टाकायला हवी, कारण दुसरी कुठलीही खूण त्याला मिळणार नाही.

कॉलचं कलम नसलं म्हणजे प्रश्न सुटतो, असंही म्हणता येत नाही. 1993 साली गुजरातच्या सरदार सरोवर नर्मदा निगमने 3,600 रुपयांना रोखा विकला. 11 जानेवारी 2014 ला त्याचे 1,11,000 मिळणार होते. ठराविक टप्प्यांवर बाहेर पडण्याची मुभा धारकाला होती, निगमला नव्हती. दर पुढे इतके उतरले की हे देणं निगमला जड झालं. मग 2008 साली गुजरात विधानसभेने खास कायदा करून निगमला रोखे मुदतीआधी फेडण्याचा अधिकार दिला, आणि जानेवारी 2009 मध्ये 50,000 रुपये देऊन ते फेडले गेले. राहिलेल्या पाच वर्षांत 50,000 चे 1,11,000 व्हायचे होते, म्हणजे वर्षाला 17 टक्क्यांहून अधिक. त्या पाच वर्षांसाठी असा दर दुसरीकडे कुठे मिळणार होता? ज्यांनी लेखी शब्दावर विश्वास ठेवून पंधरा वर्षं कळ काढली, त्यांच्या हातून सर्वांत भरघोस वर्षं नंतर केलेल्या कायद्याने काढून घ्यावीत, हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

कराचा मुद्दाही हातात न आलेल्या या व्याजाभोवतीच फिरतो. पैसे मिळतात शेवटी, पण कमाई होते दरवर्षी. मग कर कधी लावायचा? फेब्रुवारी 2002 मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून, त्यानंतरच्या डीप डिस्काउंट बाँडवर दरवर्षी वाढलेलं मोल त्या त्या वर्षीचं उत्पन्न धरावं, असं ठरवलं. म्हणजे न मिळालेल्या पैशावरचा कर खिशातून भरायचा. पुढे 2005 च्या वित्त कायद्याने सरकारने अधिसूचित केलेल्या झिरो कूपन बाँडसाठी वेगळी वाट काढली आणि त्यांचा नफा भांडवली नफा मानला. म्हणून आज असा रोखा घेताना तो अधिसूचित आहे का, हे आधी विचारावं. हातात येणारी रक्कम त्यावर बदलते.

कॉल, कंपनीची पत आणि लांब मुदत या तिन्ही काळज्या नको असतील, तर याच जातीचा सर्वांत साधा रोखा म्हणजे केंद्र सरकारची ट्रेझरी बिलं. ती 91, 182 आणि 364 दिवसांची असतात, आणि रिझर्व्ह बँक दर आठवड्याला, बहुधा बुधवारी, त्यांचा लिलाव करते. नोव्हेंबर 2021 पासून रिटेल डायरेक्ट खातं उघडून सामान्य माणसालाही ती किमान 10,000 रुपयांपासून घेता येतात. समजा, 91 दिवसांचं 100 रुपयांचं बिल 98.40 ला मिळालं. तीन महिन्यांनी 100 रुपये खात्यात येतील आणि 1.60 रुपये ही कमाई. पण दर काढताना ते 100 ने भागायचे नाहीत, कारण आपण गुंतवले 98.40. त्याने भागून वर्षाच्या 365 दिवसांच्या हिशेबात आणलं, की साधारण 6.5 टक्के वार्षिक दर निघतो. एवढ्या थोड्या मुदतीत भाव फारसा हलत नाही, आणि सरकार ते मध्येच परत बोलावत नाही.

लांब मुदतीसाठीही सरकारी सोय आहे. एप्रिल 2010 पासून ठराविक सरकारी रोख्यांचे तुकडे वेगळे करून विकता येतात. दहा वर्षांच्या रोख्याची वीस सहामाही व्याजं आणि एक मुद्दल, असे एकवीस स्वतंत्र रोखे त्यातून तयार होतात, आणि प्रत्येकाला आपली एकच तारीख आणि एकच रक्कम असते. हा बाजार मुख्यतः विमा कंपन्या आणि मोठ्या संस्थांचा आहे, किरकोळ गुंतवणूकदार तिथे क्वचितच फिरकतो. पण 1992 च्या जाहिरातीने जे दाखवलं होतं, ठरल्या दिवशी ठरलेली रक्कम आणि मध्ये परत बोलावणं नाही, ते या तुकड्यांमध्ये खरोखर मिळतं. फक्त तेव्हाचे पंधरा टक्के त्यात नाहीत.